लॅव्हेंडरच्या नव्या साबणवडीचं लाँच कॅप्शन: फ्लॅट-ले फोटो समोर ठेवून कसं लिहायचं

फ्लॅट-ले म्हणजे सगळ्या वस्तू सपाट मांडून बरोबर वरून काढलेला फोटो. घरगुती साबणाच्या लाँचला हाच फोटो सगळ्यांत जास्त वापरला जातो, कारण त्यात वडी, तिच्यावरचा शिक्का आणि रंग एकदम दिसतात. पण वरून काढलेल्या फोटोत वडीची जाडी कळत नाही. वडी केवढी आहे याचा अंदाज येत नाही, वास तर येतच नाही. शेजारी ठेवलेल्या वस्तूंपैकी साबणात काय आहे आणि सजावट काय आहे, हेही कळत नाही. कॅप्शनने नेमकी ही कामं करायची असतात. जे फोटोत दिसतं तेच शब्दांत पुन्हा सांगितलं की कॅप्शन वाया जातं.

पुढच्या सगळ्या पायऱ्यांसाठी एकच उदाहरण घेऊ. १ किलो तेलांची कोल्ड प्रोसेस बॅच आहे. तीत ३० ग्रॅम लॅव्हेंडरचं तेल, रंगासाठी रतनजोत आणि थोडी केओलिन माती आहे. १३ वड्या कापल्या, सहा आठवडे सुकवल्या, एक नमुना म्हणून ठेवली आणि १२ विकायला आहेत. फोटोत काळसर कडप्प्यावर तीन वड्या आहेत. त्यांतली एक कापलेली, आतली बाजू वर करून ठेवली आहे. शेजारी सुक्या लॅव्हेंडरच्या काड्या, मलमलचा तुकडा आणि लाकडी साबणदाणी.

लिहायला बसण्याआधी हाताशी ठेवा

- ज्या फोटोची पोस्ट होणार आहे तोच फोटो, शेवटचं एडिटिंग झालेला
- बॅचची वही: घटक, प्रमाण, ओतल्याची आणि कापल्याची तारीख
- सुकलेली वडी, ग्रॅम दाखवणारा वजनकाटा आणि पट्टी
- लेबलची छापलेली प्रत
- लॅव्हेंडर तेलाचं बिल आणि विक्रेत्याने दिलेला जीसी रिपोर्ट, म्हणजे तेलात काय काय आहे याचा प्रयोगशाळेचा अहवाल
- अन्न व औषध प्रशासनाचा उत्पादन परवाना

शेवटच्या ओळीबद्दल इथेच सांगून टाकलेलं बरं. भारतात विक्रीसाठी केलेला अंघोळीचा साबण हे सौंदर्यप्रसाधन आहे आणि कॉस्मेटिक्स रूल्स २०२० नुसार त्याला राज्याचा उत्पादन परवाना लागतो. परवाना फॉर्म कॉस-८ मध्ये मिळतो. परवाना अजून हातात आला नसेल तर लाँचची तारीख जाहीर करू नका.

१. फोटोतल्या प्रत्येक वस्तूपुढे एक शब्द लिहा

कागदावर फोटोतल्या वस्तूंची यादी करा आणि प्रत्येकीपुढे ‘घटक’, ‘सोबत मिळते’ किंवा ‘सजावट’ यांपैकी एक लिहा. आपल्या उदाहरणात वडीच्या आत लॅव्हेंडरचं तेल आहे, फुलं नाहीत. म्हणजे काड्या सजावट. मलमलही सजावट. साबणदाणी वेगळी विकत असाल तर तिच्यापुढे तसं लिहा.

हे पाच मिनिटांचं काम टाळलं की पुढे तक्रारी येतात. काड्या पाहून गिऱ्हाइकाला वाटतं की वडीत फुलं असणार, आणि साबणदाणी पाहून वाटतं की ती त्याच किमतीत येणार. पार्सल उघडल्यावर दोन्ही नसतं. असा गैरसमज होऊ शकेल अशी प्रत्येक वस्तू कॅप्शनमध्ये एका वाक्यात निकालात काढा: ‘काड्या आणि साबणदाणी फक्त फोटोसाठी.’ वाक्य रुक्ष वाटलं तरी ते राहू द्या.

काही जण फोटोपुरत्या वडीवर सुक्या कळ्या चिकटवतात. ते करू नका. कोल्ड प्रोसेस साबणात घातलेल्या लॅव्हेंडरच्या कळ्या क्षारामुळे तपकिरी पडतात आणि वर दाबलेल्या कळ्यांच्याही कडा ओल लागली की काळवंडतात. गिऱ्हाइकाला फोटोतली जांभळी कळी कधीच मिळणार नाही. कळ्या खरोखर वापरल्याच असतील, तर त्या तपकिरी होतात आणि मोरीच्या जाळीत अडकतात, हे आधीच सांगा. ज्यांना ते चालतं ते घेतात.

२. रंग कुठून आला ते सांगा

लॅव्हेंडरच्या तेलाने साबण जांभळा होत नाही. तेल जवळजवळ बिनरंगी ते फिकट पिवळसर असतं आणि नुसतं ते घातलं तर वडी पांढरट किंवा पिवळसरच राहते. तरीही बहुतेक गिऱ्हाइकांना जांभळा रंग म्हणजे भरपूर लॅव्हेंडर असं वाटतं. तुम्ही काही बोलला नाहीत तर हा गैरसमज तुमच्या फोटोने पक्का केला असं होतं.

आपल्या उदाहरणात रंग रतनजोतीचा आहे. रतनजोत तेलात भिजवली की तेल लालभडक होतं आणि साबणाच्या क्षारात तोच रंग जांभळ्या-निळ्याकडे झुकतो. म्हणून वडीचा जांभळा थोडा राखट असतो, चॉकलेटच्या कागदासारखा चकचकीत नसतो. उन्हात ठेवली तर तो फिकाही पडतो. हे सगळं कॅप्शनमध्ये नको. एवढं पुरे: ‘रंग रतनजोतीचा आहे, राखट जांभळा. प्रत्येक बॅचमध्ये थोडा उन्नीस-बीस होतो.’ तुम्ही अल्ट्रामरीन किंवा मायका वापरला असेल तर तसं लिहा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. फक्त अशा वेळी ‘नैसर्गिक रंग’ हे शब्द वापरू नका.

आता फोटो आणि वडी शेजारी धरून दिवसाच्या उजेडात बघा. पिवळ्या बल्बखाली काढलेल्या फोटोत राखट जांभळा तपकिरी दिसतो, मग एडिटिंगमध्ये तो ओढून ओढून वांगी रंगाचा केला जातो. ओळखायची सोपी खूण म्हणजे फोटोतली मलमल. मूळची पांढरी मलमल पिवळी किंवा निळी दिसत असेल तर वडीचा रंगही खोटा आहे. फोटो दुरुस्त करा. ‘प्रत्यक्ष रंग वेगळा असू शकतो’ अशी ओळ टाकून चुकीचा फोटो चालवून नेऊ नका.

३. वास शब्दांत आणा

कॅप्शनचा सगळ्यांत अवघड आणि सगळ्यांत उपयोगाचा भाग हाच. आपल्याकडे बऱ्याच लोकांनी लॅव्हेंडर म्हणून जो वास घेतलेला असतो तो रूम फ्रेशनरचा किंवा फरशी पुसायच्या द्रवाचा. तो गोड, पावडरसारखा असतो. खऱ्या लॅव्हेंडर तेलाचा वास तसा नसतो. त्यात फुलांबरोबर हिरवा, पाल्यासारखा भाग असतो आणि मागे किंचित कापूर जाणवतो. गोड वासाची अपेक्षा ठेवून घेतलेली वडी हुंगल्यावर ‘हे लॅव्हेंडर वाटत नाही’ असा निरोप येतो, आणि त्यात गिऱ्हाइकाची काहीच चूक नसते.

‘मनमोहक’, ‘दिलखुलास’, ‘आल्हाददायक’ या शब्दांनी कुठलाच वास डोळ्यांसमोर येत नाही. ते मोगऱ्यालाही चालतात आणि चंदनालाही. वाचणाऱ्याने हुंगलेल्या गोष्टीचा आधार घ्या. गजऱ्यात मरवा ओवलेला असतो, त्याचा हिरवट वास महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. तुळस, मरवा आणि लॅव्हेंडर ही वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातली झाडं, त्यामुळे ही जवळीक ओढूनताणून आणलेली नाही. ‘मरव्याच्या जवळ जाणारा हिरवट वास, त्यावर फुलांचा हलका गोडवा’ हे वाक्य वाचून माणूस ठरवू शकतो की आपल्याला हे आवडेल की नाही.

वास किती तीव्र आहे तेही लिहा. ३० ग्रॅम तेल १३ वड्यांत म्हणजे एका वडीत साधारण सव्वादोन ग्रॅम, आणि सुकताना त्यातलं थोडं उडून जातं. लॅव्हेंडर हे हलकं तेल आहे. सहा आठवड्यांची वडी नाकाशी धरली तर वास छान येतो, अंघोळीत फेस करताना येतो, पण अंगावर दिवसभर टिकत नाही. सुकलेली वडी स्वतः वापरून मगच हे वाक्य लिहा. ओतल्या दिवशीच्या वासावरून लिहिलेलं कॅप्शन हमखास अतिशयोक्त होतं.

तेलाबद्दल दोन गोष्टी बिलावरून ताडून बघा. पहिली, ते इसेन्शियल ऑइल आहे की फ्रॅग्रन्स ऑइल. फ्रॅग्रन्स ऑइल असेल तर ‘लॅव्हेंडरच्या सुगंधाची वडी’ म्हणा. ‘लॅव्हेंडर तेलाची’ म्हणू नका. दुसरी, ते खरं लॅव्हेंडर आहे की लॅव्हँडिन. लॅव्हँडिन हा संकर आहे, स्वस्त पडतो आणि त्यात कापराचा वास ठळक असतो. साबणाला तो उत्तम चालतो, पण कॅप्शनमध्ये नाव त्याचंच यायला हवं.

तेल जम्मूच्या डोडा जिल्ह्यातल्या भदरवाहचं असेल तर ते जरूर लिहा. सीएसआयआरच्या अरोमा मिशनमधून तिथल्या शेतकऱ्यांनी मक्याच्या जागी लॅव्हेंडर लावलं, आज भारतीय लॅव्हेंडर म्हटलं की याच भागाचं नाव पुढे येतं. मात्र बिलावर किंवा रिपोर्टवर ठिकाण छापलेलं असेल तरच. विक्रेता फोनवर बोलला, एवढ्यावर गावाचं नाव घालू नका. आपल्या उदाहरणात ते बिलावर छापलेलं आहे असं धरू.

४. पहिली ओळ शेवटी लिहा

इन्स्टाग्रामच्या फीडमध्ये कॅप्शनचा फक्त सुरुवातीचा तुकडा दिसतो, पुढचं वाचायला दाबावं लागतं. एकूण मर्यादा २,२०० अक्षरांची असली तरी खरी जागा या तुकड्यातच आहे. देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी ही वेगळी चिन्हं म्हणून मोजली जातात, त्यामुळे मराठी ओळ डोळ्यांना वाटते त्यापेक्षा लांब भरते. दहा-बारा शब्दांत काम संपवा.

या दहा-बारा शब्दांत नवी वस्तू काय आहे आणि तिची एक खास गोष्ट, एवढं आलं पाहिजे. ‘प्रतीक्षा संपली!’ किंवा ‘आम्हाला सांगताना अत्यंत आनंद होत आहे की’ अशी सुरुवात केली तर साबण येईपर्यंत तुकडा संपलेला असतो. बाकीचं कॅप्शन तयार झालं की त्यातली सगळ्यांत ठोस गोष्ट उचला आणि वर न्या. आपल्याकडे ती आहे वास आणि रंग: ‘नवी लॅव्हेंडर वडी. वास भदरवाहच्या फुलांचा, जांभळा रंग रतनजोतीचा.’

५. मापं, वजन, किंमत

वरून काढलेल्या फोटोत शेजारची वस्तू लहान असेल तर वडी विटेएवढी दिसते. लांबी, रुंदी आणि जाडी सेंटिमीटरमध्ये लिहा. जाडी विसरू नका, कारण फोटोत नसलेली बाजू तीच आहे.

वजन सुकल्यावरचं लिहायचं. उदाहरणातली वडी कापली तेव्हा सुमारे ११३ ग्रॅम होती. पाणी उडून सहा आठवड्यांनी ती १०० ते १०२ ग्रॅमवर आली. बाराही वड्या काट्यावर ठेवा आणि सर्वांत हलकी जेवढी भरेल तेवढं वजन धरा. कॅप्शन, लेबल आणि कॅटलॉग तिन्हीकडे तोच आकडा हवा. कापताना वहीत टिपलेलं वजन लेबलवर जाणं ही नेहमी होणारी गफलत आहे, आणि वैधमापनाच्या नियमांत निव्वळ वजन कमी भरणं हा गुन्हा आहे.

किंमत स्पष्ट लिहा, सर्व करांसह, आणि कुरिअर वेगळं असेल तर तेही. ‘किमतीसाठी मेसेज करा’ असं लिहिलं की निम्मे लोक संकोचाने विचारत नाहीत आणि उरलेल्यांना तोच आकडा टाइप करण्यात तुमची लाँचची संध्याकाळ जाते.

६. हे दावे काढून टाका

कॅप्शन एकदा फक्त दावे शोधण्यासाठी वाचा. लॅव्हेंडरच्या बाबतीत पुढचे चार सतत डोकावतात.

‘केमिकल-फ्री’. घन साबण कॉस्टिक सोड्याशिवाय होत नाही. तेल आणि कॉस्टिक यांची प्रक्रिया पूर्ण झाली की नीट मोजलेल्या वडीत मोकळं कॉस्टिक उरत नाही. हे खरं वाक्य आहे, तेच वापरा.

‘पीएच बॅलन्स्ड’. खऱ्या साबणाचा पीएच ९ ते १० च्या आसपास असतो. त्वचेच्या पीएचएवढा तो आणता येत नाही, आणला तर साबण मोडतो.

‘मुरुमं, खाज, एक्झिमा बरा करतो’. रोग बरा करण्याचा दावा केला की वस्तू कायद्याच्या नजरेत औषधाकडे सरकते, आणि तुमचा परवाना सौंदर्यप्रसाधनाचा आहे. एखाद्या गिऱ्हाइकाचा तसा अनुभव तुम्ही स्वतः पोस्टमध्ये लावलात तरी दावा तुमचाच ठरतो.

‘गाढ झोप लागते, ताण जातो’. लॅव्हेंडरच्या वासावर अभ्यास आहेत, पण ते अंगावर मिनिटभर राहून धुऊन जाणाऱ्या तुमच्या वडीवर झालेले नाहीत. ‘रात्रीच्या अंघोळीला आवडेल असा वास’ इतपत ठीक आहे.

एक गोष्ट मात्र उलट घालायलाच हवी. लॅव्हेंडर तेलात लिनालूल असतं आणि काही जणांच्या त्वचेला ते सोसत नाही. ‘पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघा’ ही ओळ विक्री कमी करत नाही.

७. सगळं जोडून

आधी नेहमी दिसणारा मसुदा:

> प्रतीक्षा संपली! 💜 सादर आहे आमचा १००% नैसर्गिक, केमिकल-फ्री लॅव्हेंडर सोप! मनमोहक सुगंध, कोमल त्वचा आणि शांत झोप. मर्यादित स्टॉक! किमतीसाठी डीएम करा.

यात फोटोचा उल्लेख नाही, वास कळत नाही, तीन दावे टिकणारे नाहीत आणि विकत घ्यायला लागणारी एकही माहिती नाही. ‘लॅव्हेंडर’ काढून ‘गुलाब’ टाकला तरी चालेल, हीच त्याची परीक्षा. आता वहीतून आणि काट्यावरून आलेला मसुदा:

> नवी लॅव्हेंडर वडी. वास भदरवाहच्या फुलांचा, जांभळा रंग रतनजोतीचा.
>
> मरव्याच्या जवळ जाणारा हिरवट वास, त्यावर फुलांचा हलका गोडवा. रूम फ्रेशनरसारखा गोड नाही. अंघोळ करताना छान येतो, नंतर अंगावर फार वेळ राहत नाही.
>
> फोटोत कापून ठेवलेली वडी आतला रंग दाखवण्यासाठी आहे: राखट जांभळा, फेस पांढरा. लॅव्हेंडरच्या काड्या आणि साबणदाणी फक्त फोटोसाठी, वडीत फुलं नाहीत.
>
> खोबरेल, ऑलिव्ह, राइस ब्रान आणि एरंडेल तेल. सहा आठवडे सुकवलेली.
> १०० ग्रॅम, ७.५ × ५.५ सेंमी, जाडी २.५ सेंमी.
> ₹१८० सर्व करांसह, कुरिअर वेगळं.
>
> या बॅचच्या १२ वड्या आहेत. पुढची बॅच सुकायला सहा आठवडे लागतील.
> संवेदनशील त्वचा असेल तर आधी कोपराच्या आत लावून बघा. पूर्ण घटक लेबलच्या फोटोत, पुढे सरकवा.
>
> ऑर्डरसाठी बायोमधली लिंक.

‘फेस पांढरा’ हे स्वतः धुऊन पाहिल्याशिवाय लिहू नका. रतनजोत जास्त झाली तर फेसाला छटा येते. ‘१२ वड्या’ हा आकडा ‘मर्यादित स्टॉक’पेक्षा जास्त काम करतो, कारण तो खरा आहे आणि त्यामागचं कारणही लगेच दिलेलं आहे.

८. पोस्ट करताना आणि पुढचे दोन तास

कॅप्शनमधली लिंक दाबता येत नाही, म्हणून व्हॉट्सअॅपची लिंक बायोमध्ये टाका. ती अशी लिहायची, देशाचा कोड जोडून, अधिकचं चिन्ह आणि मोकळी जागा न ठेवता:

```
https://wa.me/91XXXXXXXXXX
```

पोस्ट करण्याआधी दुसऱ्या फोनवरून ती उघडून बघा. फोटोच्या मागे दुसरा फोटो म्हणून लेबलची मागची बाजू ठेवा, घटकांचा प्रश्न तिथेच मिटतो. ऑल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटो पाहू न शकणाऱ्यांसाठीचं वर्णन, अॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये दडलेलं असतं, पण भरा: ‘काळ्या दगडावर राखट जांभळ्या तीन साबणवड्या, एक कापलेली, शेजारी सुक्या लॅव्हेंडरच्या काड्या.’ हॅशटॅग तीन ते पाच पुरेत, त्यांतला एक तुमच्या गावाचा किंवा शहराचा. देवनागरी हॅशटॅग टाकले असतील तर पोस्ट झाल्यावर प्रत्येकावर दाबून बघा, मध्येच तुटलेला असेल तर लगेच कळतं.

तीन उत्तरं आधीच टाइप करून ठेवा, कारण हे प्रश्न येतातच. कॉस्टिक आहे का? याचं उत्तर सहाव्या पायरीत आहे. लहान बाळाला चालेल का? बाळांसाठी ही वडी केलेली नाही, बालरोगतज्ज्ञांना विचारा. पावसाळ्यात वडीवर पाण्याचे थेंब का येतात? साबणात तयार झालेलं ग्लिसरीन हवेतली ओल ओढतं. वडी खराब झालेली नसते, पण जाळीच्या दाणीत आणि कोरड्या जागी ठेवावी. कोकणात आणि गोव्यात गिऱ्हाइकं असतील तर हे उत्तर कॅप्शनखाली पिन करून ठेवलेलं बरं.

बारावी वडी गेली की कॅप्शन एडिट करा. पहिल्या ओळीतच ‘ही बॅच संपली’ आणि पुढची बॅच सुकून तयार होण्याची तारीख टाका, म्हणजे आठवड्याने पोस्ट पाहणारा माणूस पैसे पाठवून बसणार नाही.